लौकिकीकरणाचा सिद्धान्त आणि त्याचे टीकाकार : १५ गुणांचं उत्तर कसं लिहायचं?

अस्मानी

एम.ए. समाजशास्त्र, दुसरं वर्ष, बाहेरून परीक्षा देते आहे. धर्माच्या समाजशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न जवळजवळ ठरलेला: "लौकिकीकरणाचा सिद्धान्त स्पष्ट करून त्यावरील टीकेचे परीक्षण करा." गुण १५. समाज आधुनिक झाला की धर्माचं महत्त्व घटतं, असं हा सिद्धान्त म्हणतो.

मी घरी लिहून पाहिलेलं उत्तर असं होतं. आधी मॅक्स वेबर: बुद्धिवाद वाढला की जगातली जादू ओसरते. मग ब्रायन विल्सनची १९६६ची व्याख्या, मग पीटर बर्गर. त्यानंतर "परंतु" लिहून डेव्ही, कॅसानोव्हा, स्टार्क यांना चार-चार ओळी. शेवटी "अशा प्रकारे हा सिद्धान्त फोल ठरला." ओळखीच्या एका प्राध्यापकांनी वाचून ६ गुण दिले. म्हणाले, "ही नावांची यादी झाली, परीक्षण कुठे आहे?" म्हणजे नेमकं काय करायचं ते काही केल्या उमगत नाहीये. कोणी नमुना उत्तर लिहून दाखवलं तर फार उपकार होतील.

भटक्या०७

तू ४२वी घटनादुरुस्ती लिहिलीच नाहीस! १९७६ साली उद्देशिकेत "धर्मनिरपेक्ष" शब्द आला, तो हवाच. कलम २५ ते २८ घाल. पाश्चात्त्य देशांत राज्य आणि चर्च वेगळं, आपल्याकडे सर्वधर्मसमभाव, एवढा फरक नीट लिहिला तरी १० गुण पक्के. मी राज्यशास्त्राला असंच लिहिलं होतं.

रानजाई

भटक्या, राज्यशास्त्राच्या पेपरात ते चपखल बसतं, पण इथे त्याला गुण मिळणार नाहीत. तिथे प्रश्न असतो की सरकारने धर्मांशी कसं वागावं. इथे प्रश्न आहे की समाज आधुनिक झाला की धर्माचं काय होतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट दिशेलाही जाऊ शकतात. इंग्लंडचा राजा आजही तिथल्या चर्चचा प्रमुख आहे, २६ बिशप हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतात, आणि तिथली चर्चं ओस पडत आली आहेत. अमेरिकेत राज्य आणि चर्च यांची फारकत १७९१ पासून संविधानात आहे, आणि तिथे विसावं शतक संपेपर्यंत चर्चं भरलेली होती.

अस्मानी, तुझ्या उत्तराचं दुखणं याच्याशीच जोडलेलं आहे. तू सिद्धान्ताला एकच सलग विधान मानलंस, त्यामुळे प्रत्येक टीकाकार सगळ्या सिद्धान्तावर घाव घालतोय असं दिसतं. मी बरीच वर्षं हा विषय शिकवला. मुलांना पहिल्यांदा हेच सांगायचे की होसे कॅसानोव्हाला टीकाकारांच्या रांगेत शेवटी उभं करू नका, त्याला उत्तराच्या सुरुवातीला आणा. त्याने १९९४ मध्ये दाखवलं की लौकिकीकरण या नावाखाली तीन वेगळे दावे एकत्र नांदत होते. शासन, अर्थव्यवहार, विज्ञान, शिक्षण ही क्षेत्रं धर्माच्या ताब्यातून सुटली, हा एक. लोकांची श्रद्धा आणि आचार घटतात, हा दुसरा. धर्म उरलाच तर घराच्या चार भिंतींत उरतो, हा तिसरा. आता प्रत्येक टीकाकाराला विचार: बाबा, तू यातल्या कुठल्या दाव्याविषयी बोलतो आहेस? परीक्षण तिथून सुरू होतं.

चिंतामणी_के

ताई, इतकं खोलात शिरायची गरजच काय? ज्या बर्गरने हा सिद्धान्त मांडला त्यानेच १९९९ मध्ये तो मागे घेतला. विषय संपला. आणि आपल्याकडे बघा ना. आषाढीला पंढरपुरात पाय ठेवायला जागा नसते. इंजिनियर, डॉक्टर मुलं रजा काढून वारीला चालतात. आधुनिकतेने धर्म घटतो हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

रानजाई

बर्गरबद्दलचं तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. १९६८ मध्ये त्याने न्यू यॉर्क टाइम्सला सांगितलं होतं की एकविसाव्या शतकापर्यंत श्रद्धावान लोक छोट्या छोट्या पंथांपुरते उरतील. १९९९ च्या पुस्तकात त्याने मान्य केलं की जग पूर्वीइतकंच, काही ठिकाणी जास्तच धार्मिक आहे. पण त्याच लेखात त्याने दोन अपवादही नोंदवले: पश्चिम युरोप, आणि जगभर पसरलेला पाश्चात्त्य पद्धतीने उच्चशिक्षित असा एक पातळ थर. म्हणजे युरोपात जे घडलं ते घडलंच नाही असं तो म्हणत नाही. आधुनिकता आली की ते सगळीकडे घडणारच, एवढंच त्याने सोडून दिलं. परीक्षेत "बर्गरने सिद्धान्त नाकारला" एवढंच लिहून थांबलात तर परीक्षकाला कळतं की मूळ वाचलेलं नाही.

वारीचं म्हणाल तर एम. एन. श्रीनिवासांना हे कोडं १९६६ मध्येच दिसलं होतं. आधुनिक भारतातील सामाजिक परिवर्तनावरच्या त्यांच्या पुस्तकात लौकिकीकरणाचा भाग आहे. ते सांगतात की प्रवास, शहर, नोकरी, उपाहारगृहं यांमुळे सोवळंओवळं सैल झालं. आणि त्याच रस्त्यांनी, त्याच बसगाड्यांनी तीर्थयात्रा वाढल्या. एकाच माणसाच्या आयुष्यात धर्माचं एक अंग आकसतं आणि दुसरं फुलतं. म्हणून नुसत्या गर्दीवरून सिद्धान्त खराही ठरत नाही आणि खोटाही. विल्सनचा भर सामाजिक महत्त्वावर होता. वारीला गेलेला इंजिनियर सोमवारी पुलाचा आराखडा कशाच्या आधारे काढतो, हा त्याचा प्रश्न.

चिंतामणी_के

हे पटतंय, पण पुरतं नाही. पुलाचा आराखडा पूर्वीचा गवंडीसुद्धा पोथी बघून काढत नव्हता. आणि आपल्याकडे चर्चसारखी एक संस्था कधी नव्हतीच. मग शासन "धर्माच्या ताब्यातून सुटलं" म्हणजे कुणाच्या ताब्यातून?

रानजाई

हा आक्षेप वजनदार आहे. त्रि. ना. मदन यांनी १९८७ मध्ये त्याच वाटेने जाऊन म्हटलं की ही कल्पना ख्रिस्ती इतिहासातून, त्यातही प्रोटेस्टंट सुधारणेतून उगवली, दक्षिण आशियात ती जशीच्या तशी रुजत नाही. मला ते सगळं मान्य नाही, कारण जातपंचायत, वतनं, देवस्थानांच्या जमिनी यांच्या बाबतीत काहीतरी सुटलंच आहे. पण याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. अस्मानीने १५ गुणांत ब्रिटन हे एकच उदाहरण धरावं, कारण सिद्धान्त तिथेच घडला आणि टीकाही तिथेच सर्वांत बारकाईने झाली.

थेम्सपार

ब्रिटनचं नाव निघालं म्हणून लिहिते. आम्ही इंग्लंडमध्ये बरीच वर्षं आहोत. मुलीसाठी जवळची चांगली शाळा चर्चची निघाली. प्रवेशाच्या फॉर्मला चर्चचं एक पान जोडलेलं. कुटुंब दर रविवारी येतं, पंधरवड्याने, की महिन्यातून एकदा, अशा चौकटी, आणि खाली पाद्रीबाईंची सही. आमचं ते पान अर्थातच कोरं गेलं आणि मुलीला प्रवेश मिळाला नाही. शेजारचं इंग्रज जोडपं मात्र दोन वर्षं न चुकता चर्चला जात होतं. मुलाला शाळा मिळाली आणि त्यांचे रविवार पुन्हा मोकळे झाले. त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून २०२१ च्या जनगणनेचा फॉर्म भरताना पाहिला. तो म्हणाला, "बाप्तिस्मा झालाय, लग्न चर्चमध्ये झालंय, लिही ख्रिस्ती." ती म्हणाली, "देव आहे असं मला वाटत नाही, माझ्यापुढे काही नाही असं लिही." मग मुलाचं काय, यावर दोघं थांबले. शेवटी त्याचं उत्तर दिलंच नाही. तो प्रश्न ऐच्छिक असतो.

या घराला धार्मिक म्हणायचं की नाही? मला खरंच कळत नाही.

सांख्यिक

थेम्सपार, तुम्ही सांगितलेल्या घरात या क्षेत्रातली मोजमापाची सगळी भांडणं आहेत. जनगणना विचारते "तुमचा धर्म कोणता?" म्हणजे धर्म असणारच हे गृहीत. ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स हे दरवर्षीचं सर्वेक्षण विचारतं "तुम्ही स्वतःला कुठल्या धर्माचे मानता का?" इंग्लंड-वेल्सच्या २०११ च्या जनगणनेत धर्म नाही म्हणणारे २५.२ टक्के होते. त्याच सुमारास या सर्वेक्षणात ब्रिटनमधले जवळजवळ निम्मे लोक तसं म्हणत होते. लोक तेच, प्रश्नाची ठेवण निराळी.

हजेरीचंही तसंच. १९९३ मध्ये हॅडवे, मार्लर आणि शेव्ह्स यांनी अमेरिकेत प्रत्यक्ष डोकी मोजून पाहिली, ओहायोतल्या एका काउंटीत आणि काही कॅथलिक धर्मप्रांतांत. सर्वेक्षणांत सुमारे ४० टक्के लोक या आठवड्यात चर्चला गेलो म्हणत, प्रत्यक्षात त्याच्या निम्मेच भरले. म्हणून कोणी टक्केवारी फेकली की आधी विचारावं, कुणी मोजलं आणि काय विचारून मोजलं?

अस्मानी

बापरे. मग "पूर्वी सगळे चर्चला जायचे" हे तरी नक्की का?

सांख्यिक

ब्रिटनमध्ये त्यासाठी ३० मार्च १८५१ ची मोजणी आहे. त्या रविवारी इंग्लंड आणि वेल्समधल्या प्रत्येक प्रार्थनास्थळातली उपस्थिती मागवली. सुमारे १ कोटी ९ लाख भरली, लोकसंख्या १ कोटी ७९ लाख. वरवर ६० टक्के. पण सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन प्रार्थना असत आणि एकच माणूस दोनदा, तीनदा मोजला गेला. खरी माणसं किती यावर अजून वाद आहे. आणि त्या काळच्या लोकांना हा आकडा कमी वाटला, कामगारवर्ग येतच नाही म्हणून चिंता व्यक्त झाली. रॉडनी स्टार्क तर म्हणतो की श्रद्धेचं सुवर्णयुग कधी नव्हतंच, मग घसरण कुठून मोजणार? मला तो मुद्दा मध्ययुगापुरता मान्य आहे. १८५१ नंतरची घसरण मात्र खरी आहे, कितीही काटछाट केली तरी.

रानजाई

सगळ्यांचं वाचून नमुना उत्तर लिहिलं आहे. परीक्षेच्या भाषेत आहे. अस्मानी, पाठ करू नकोस. कोणतं वाक्य कोणत्या दाव्याला उत्तर देतंय ते बघत वाच.

*समाज आधुनिक होत जातो तसतसे धर्माचे सामाजिक महत्त्व घटत जाते, असे लौकिकीकरणाचा सिद्धान्त मांडतो. ब्रायन विल्सन यांनी १९६६ मध्ये धार्मिक विचार, आचार आणि संस्था या तिन्हींबाबत हे म्हटले. ही घट कशी होते याचे स्पष्टीकरण ब्रिटनच्या उदाहरणाने देता येते. शाळा, आजाऱ्यांची शुश्रूषा, गरिबांना मदत, जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी ही एकेकाळी मुख्यतः चर्चची कामे होती. ती शासनाकडे आणि प्रशिक्षित व्यावसायिकांकडे गेली. माणसे गाव सोडून शहरात आली आणि एका चर्चभोवती बांधलेला समुदाय विरळ झाला. अनेक पंथ शेजारी नांदू लागल्यावर आपलाच पंथ हे उघड सत्य आहे ही खात्री डळमळली. पीटर बर्गर यांच्या १९६७ च्या मांडणीचा भर या शेवटच्या कारणावर आहे.*

*होसे कॅसानोव्हा (१९९४) यांच्या मते यात तीन दावे मिसळले आहेत: सामाजिक क्षेत्रे धर्मापासून स्वतंत्र होतात, श्रद्धा व आचार घटतात, आणि धर्म खाजगी होतो. टीकेचे परीक्षण या तिन्हींच्या आधारे स्वतंत्रपणे केले पाहिजे.*

*घटीचा दावा ब्रिटनमध्ये बळकट दिसतो. इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २००१ मध्ये ७१.७ टक्के होते, २०२१ मध्ये ४६.२ टक्के उरले. ग्रेस डेव्ही यांनी १९९४ मध्ये आक्षेप घेतला की लोक चर्चपासून दूर गेले तरी श्रद्धेपासून गेलेले नाहीत. सदस्यत्व गळते, विश्वास टिकतो. हे खरे असेल तर विश्वासाची घसरण सदस्यत्वापेक्षा बरीच मंद असायला हवी. डेव्हिड व्होआस आणि अलास्डेअर क्रॉकेट यांनी २००५ मध्ये हे सर्वेक्षणांच्या आधारे तपासले. त्यांना दोन्ही घसरणी बरोबरीने जाताना दिसल्या, आणि कारण पिढ्यांमध्ये सापडले. आईवडील दोघेही धार्मिक असतील तर मुलांमध्ये धर्म उतरण्याची शक्यता सुमारे निम्मी, एकच असेल तर पाव, दोघेही नसतील तर जवळजवळ शून्य. प्रौढ माणसे फारशी बदलत नाहीत. प्रत्येक नवी पिढी आधीच्या पिढीपेक्षा कमी धार्मिक निघते. डेव्ही यांचे निरीक्षण त्यामुळे एका पिढीपुरते खरे ठरते, टिकाऊ अवस्था म्हणून नाही.*

*दुसरा आक्षेप असा की धर्म घटत नसून अध्यात्माचे रूप घेतो. पॉल हीलास आणि लिंडा वुडहेड यांनी उत्तर इंग्लंडमधील केंडल या गावात हे मोजले. रविवारच्या प्रार्थनेला लोकसंख्येच्या ७.९ टक्के लोक आढळले. योग, रेकी, ध्यान अशा उपक्रमांत आठवड्याला १.६ टक्के. दुसरा गट वाढता असला तरी पहिल्याची गळती भरून काढण्याइतका नाही. शिवाय त्यातील अनेकांना आपण करतो ते आध्यात्मिक आहे असे वाटत नव्हते. पाठदुखीसाठी योग करणारेही त्यात होते.*

*खाजगीकरणाचा दावा मात्र टिकत नाही. १९७९ ची इराणी क्रांती, पोलंडमध्ये सॉलिडॅरिटी चळवळीला कॅथलिक चर्चने दिलेला आधार, अमेरिकेतील ख्रिस्ती उजव्या गटांचे राजकारण यांतून धर्म सार्वजनिक जीवनात उतरलेला दिसतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी: कॅसानोव्हा तिसरा दावा खोडतात, पण क्षेत्रांच्या स्वतंत्र होण्याचा पहिला दावा सिद्धान्ताचा गाभा म्हणून राखतात.*

*रॉडनी स्टार्क आणि त्यांचे सहकारी सर्वांत मूलगामी टीका करतात. त्यांच्या मते धर्माची मागणी स्थिर असते, पुरवठा बदलतो. शासनमान्य मक्तेदार चर्च आळशी होते, स्पर्धेत चर्चे कष्ट घेतात. अमेरिकेत चर्चशी जोडलेले लोक १७७६ मध्ये १७ टक्के होते ते १९८० मध्ये ६२ टक्के झाले, हा त्यांचा पुरावा. परंतु पोलंड आणि विसाव्या शतकातील आयर्लंड येथे एकाच चर्चचे वर्चस्व असूनही आचार भरघोस होता. स्टीव्ह ब्रूस याचे कारण देतात: परकीय सत्तेविरुद्ध चर्च हेच राष्ट्राचे निशाण झाले की धर्म टिकतो, कारण त्याला श्रद्धेपलीकडचे काम मिळते. ते काम संपल्यावर काय होते हे नंतरच्या आयर्लंडमध्ये दिसले.*

*म्हणून सिद्धान्त सार्वत्रिक नियम म्हणून उभा राहत नाही, पण पश्चिम युरोपातील घसरणीचे स्पष्टीकरण म्हणून त्याच्या टीकाकारांपेक्षा अधिक टिकतो.*

चिंतामणी_के

उत्तर सुरेख आहे. शेवटचं वाक्य मात्र मी असं लिहिलं नसतं. जगातली बहुसंख्य माणसं पश्चिम युरोपाबाहेर राहतात. एका कोपऱ्याचं स्पष्टीकरण देणाऱ्याला सिद्धान्त का म्हणायचं?

रानजाई

तुम्ही तसं लिहा, आणि बर्गरचे ते अपवाद आधाराला घ्या. परीक्षक भूमिकेला गुण देतो, ती भूमिका माझीच असायला हवी असं नाही.

थेम्सपार

एक राहिलं. इतिहासकार कॅलम ब्राउन. त्याचं म्हणणं की ब्रिटनची घसरण कारखान्यांबरोबर हळूहळू आलीच नाही. १९६३ च्या आसपास एकदम कोसळली, कारण घराची धार्मिकता ज्यांच्या खांद्यावर होती त्या बायकांनी स्वतःला त्या साच्यात पाहणं सोडलं. माझ्या शेजारणीच्या सासूबाईंशी बोलले की मला तो आठवतो. त्या साठच्या दशकात तरुण होत्या. सांगतात, "आईने मला संडे स्कूलला ढकललं, मी माझ्या मुलांना नाही ढकललं." एवढंच घडलं त्या घरात.

सांख्यिक

ब्राउनची तारीख मला फार धारदार वाटते, चर्चची आकडेवारी त्याआधीही खाली येत होती. पण तुम्ही सांगितलेलं वाक्य व्होआसच्या पिढ्यांच्या हिशोबात नेमकं बसतं.

रानजाई, तुमच्या उत्तरात अमेरिका १९८० वर थांबली आहे. प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीत कुठल्याच धर्माशी न जोडलेले अमेरिकन २००७ मध्ये १६ टक्के होते, २०२३-२४ मध्ये २९ टक्के. गॅलपनुसार प्रार्थनास्थळाचं सदस्यत्व १९९९ मध्ये ७० टक्के होतं, २०२० मध्ये ४७. स्पर्धा तर तशीच आहे. स्टार्कचा पुरावाच निसटतो की.

रानजाई

मीही तसंच मानते. ब्रूस पूर्वीपासून म्हणत होता की अमेरिकेला फक्त उशीर होतोय.

सांख्यिक

तिथे मी थांबतो. मायकल हाउट आणि क्लॉड फिशर यांनी २००२ मध्ये वेगळं कारण दिलं: चर्च एका पक्षाशी जोडलं गेलं म्हणून उदारमतवादी लोकांनी धर्माचं लेबल टाकलं, श्रद्धा अनेकांची शाबूत होती. हे खरं असेल तर ती आधुनिकतेने आलेली घट नव्हे, राजकारणावरचा राग आहे. आणि गेल्या काही वर्षांत तो चढता आलेख सपाट झालाय. उशीर म्हणावा तर तो पुढे का सरकत नाही?

रानजाई

पिढ्यांचा हिशोब पाहता तरुण गट अजूनही आईवडिलांपेक्षा कमी धार्मिक आहे, म्हणून सपाटी टिकेल असं मला वाटत नाही. तुम्हाला वाटतं का?

सांख्यिक

मला पुढच्या दोन पाहण्या पाहायच्या आहेत.

अस्मानी

दोघांचंही वहीत उतरवलं. वेळ लावून लिहून पाहिलं, पूर्ण उत्तर बसत नाही. केंडल काढू की आयर्लंड?

रानजाई

केंडल काढ, पाठदुखीचं वाक्यसुद्धा. आयर्लंड ठेव, कारण त्याच्याशिवाय स्टार्कवरची टीका नुसतं मत उरेल. आणि हाउट-फिशरची एक ओळ स्टार्कच्या परिच्छेदाखाली घाल, "हा वाद अद्याप मिटलेला नाही" असं स्पष्ट लिहून.